शब्दचर्चा: फ्लोटला मराठीत काय म्हणावं? (सोबत आकृतीचा फोटो)

तिसरंवर्ष_स्थापत्य: कामांच्या वेळापत्रकात एखादं काम जितके दिवस लांबलं तरी एकूण काम लांबत नाही, त्या फ्लोटला आमच्या नोट्समध्ये 'तरंगता कालावधी' लिहिलंय. वाचून काही कळत नाही. नेमका शब्द हवाय, आणि जमलं तर फोटोतल्या आकृतीत क्रिटिकल कामं कोणती, तेही. फोटो झेरॉक्सचा आहे, कोपरा काळा आलाय, म्हणून वाचता येतंय तेवढं टाइप करते. छोट्या शेडचं काम आहे. 1 ते 5 ही वर्तुळं, आणि त्यांच्यामधला प्रत्येक बाण म्हणजे एक काम. 1-2 खोदाई व पाया 3 दिवस, 1-3 लोखंडी खांब बनवून आणणे (आकडा पुसट, 8 असावा किंवा 3), 2-4 केबलची चर 5, 3-4 खांब उभे करणे 4, 4-5 पत्रे व वायरिंग 5, 3-5 त्याच फॅब्रिकेटरकडून शटर 7. शिवाय 2 आणि 3 च्या मध्ये तुटक रेघ आहे, म्हणजे शून्य दिवसांची, फक्त कोण कुणासाठी थांबतं ते दाखवणारी; तिचा बाण दिसत नाही. 4 च्या वर्तुळात कुणीतरी पेन्सिलीने 12 लिहिलंय. क्रिटिकल म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम ना? मग ते पत्र्यांचं असणार.

शब्दवेडा: 'सैल' म्हणा. दोरी सैल सोडतो तसं. क्रिटिकलला परिभाषेत 'क्रांतिक' आहे, तापमानाच्या संदर्भात शाळेत वाचला असेल.

साईटवरचा: क्रिटिकल म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात ते काम. इथे खांब, 8 दिवस. सोपं आहे.

जुना_नियोजक: साईटवाल्या भाऊंचं उत्तर इथे अर्धं जुळतंय, पण कारण चुकीचं आहे. दिवसांच्या क्रमाने बघितलं तर खांबांनंतर शटर येतं, 7 दिवसांचं. ते क्रिटिकल नाही. खांब उभे करणं फक्त 4 दिवसांचं, पण ते आहे.

आधी आकडा ठरवू. खांब 8 दिवसांचे धरा आणि डावीकडून उजवीकडे चला. 2 वर आपण लवकरात लवकर तिसऱ्या दिवसाअखेर पोचतो, 3 वर आठव्या. 4 वर दोन बाण येतात: चरीकडून 3 अधिक 5, म्हणजे 8, आणि खांबांकडून 8 अधिक 4, म्हणजे 12. दोन्ही कामं संपल्याशिवाय पत्रे चढत नाहीत, म्हणून मोठा आकडा, 12. शेवटी 17. आता खांब 3 दिवसांचे धरून बघा: 4 वर 8 येतात आणि सगळं काम 13 दिवसांत संपतं. पेन्सिलीने 12 लिहिलेत, म्हणजे लिहिणाऱ्याने 8 वाचला होता.

तुटक रेघेचंही तेच. ती 3 कडून 2 कडे असती तर चर आठव्या दिवसाआधी सुरू झाली नसती, 4 वर 13 आले असते आणि एकूण 18. म्हणून बाण 2 कडून 3 कडे. नाहीतरी लहान आकड्याकडून मोठ्याकडे जायची रीत आहे.

तिसरंवर्ष_स्थापत्य: पण पेन्सिलवाल्याचंच चुकलं असेल तर?

जुना_नियोजक: तर मूळ कागद शोधा. फोटोवरून याहून जास्त सांगता येणार नाही.

आता उलटं चला. 17 पासून वजा करत मागे या, आणि जिथून दोन बाण निघतात तिथे लहान आकडा घ्या. 4 ला उशिरात उशिरा 12 चालतात. 3 ला शटरच्या हिशोबाने 10 चालले असते, पण खांबांच्या हिशोबाने 8 च, म्हणून 8. 2 ला 7. सुरुवातीला 0 आलं नाही तर कुठेतरी वजाबाकी चुकलीय असं समजा.

1, 3, 4, 5 या ठिकाणी दोन्ही वेळा सारख्या आल्या, म्हणजे ही वर्तुळं घट्ट, उशिराला जागा नाही. इथेच बरेच जण घसरतात. 3 आणि 5 दोन्ही घट्ट आहेत म्हणून मधलं शटरही घट्ट, असं लिहून टाकतात. पण 8 पासून 17 पर्यंत 9 दिवस आहेत आणि शटरला 7 लागतात, म्हणजे 2 शिल्लक. वर्तुळं घट्ट असली तरी काम घट्ट असेलच असं नाही, ते वेगळं तपासावं लागतं. घट्ट कामं तीनच: 1-3, 3-4, 4-5. पत्रे त्यात आहेत, पण महत्त्वाचे आहेत म्हणून नाही. त्यांना सवड नाही म्हणून.

शब्दवेडा: अहो, हाच शब्द! सवड. 'सैल' मी मागे घेतो. 'या कामाला 2 दिवसांची सवड आहे' हे कुणालाही कळेल.

तिसरंवर्ष_स्थापत्य: मग खोदाईला 4 दिवस सवड आणि चरीलाही 4, म्हणजे 2 च्या वाटेने एकूण 8 दिवस मिळाले?

जुना_नियोजक: नाही, ताई. ते 4 दिवस दोघांत मिळून आहेत. खोदाईवाल्याने 3 वापरले तर चरीला 1 उरतो. म्हणूनच सवडीचे प्रकार करावे लागतात. खोदाई रेंगाळली की पुढच्याला लगेच धक्का बसतो, म्हणून तिची फ्री सवड शून्य. चर वेळेत सुरू झाली तर तिच्या 4 दिवसांनी पुढे कुणाचं बिघडत नाही, तिची फ्री सवड 4.

शब्दवेडा: फ्री म्हणजे 'स्वतंत्र सवड' म्हणू या का?

जुना_नियोजक: ते नको. इंडिपेंडंट फ्लोट हा वेगळा प्रकार आहे, 'स्वतंत्र' त्याच्यासाठी ठेवा. त्यात मागच्याने पूर्ण उशीर केला असं धरतात: चर सातव्या दिवसाअखेर सुरू, 5 दिवस काम, बाराव्याला संपली. उरले शून्य. एकाच चरीला फ्री 4 आणि इंडिपेंडंट 0 येतात, तेव्हा शब्दांचा गोंधळ परीक्षेत महागात पडेल. फ्रीला मी 'मोकळी सवड' म्हणेन, पण आग्रह नाही.

कोकणस्थ_वाचक: काही पुस्तकांत स्लॅक म्हणतात ना? मग एकाच गोष्टीला दोन मराठी शब्द कशाला?

जुना_नियोजक: दोन्ही शब्द नियोजनाच्या दोन पद्धतींतले: स्लॅक अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून 1958 मध्ये आलेल्या पर्टचा, फ्लोट त्याच सुमारास ड्युपाँट कंपनीत घडलेल्या सीपीएमचा. काटेकोर शिक्षक वर्तुळाला स्लॅक आणि कामाला फ्लोट म्हणतात. वरचं शटरचं उदाहरण पाहता हा भेद मला ठेवावासा वाटतो. वर्तुळाला 'ढील' चालेल?

शब्दवेडा: ढील पतंगाची. पण हरकत नाही, विचार करू.

साईटवरचा: तुमचं शब्दांचं चालू द्या, पण हा कागद साईटवर चालायचा नाही. 3 दिवसांत खोदाई आणि पाया, आणि पाणी मारायचे दिवस कुठायत? साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी लागतं. माझ्या एका कामावर असाच कागद दाखवून घाई केली होती, मी खांब उभे करू दिले नाहीत. 1-2 ला 10 दिवस धरा, एकूण 20 होतात.

जुना_नियोजक: मुद्दा बरोबर आहे. 7 दिवस वाढले, त्यातले 4 सवडीने गिळले आणि 3 वाढले, असा तुमचा हिशोब. पण चरीला पायाला पाणी मारून होईपर्यंत थांबायचं कारण काय? चर खोदाई-पाया झाल्यावर तिसऱ्या दिवसाअखेर सुरू करा. मग खांब उभे करायला दहाव्यानंतर सुरुवात, चौदाव्याला उभे, एकोणिसाव्याला काम संपलं. यात गंमत म्हणजे पाण्याचे दिवस संपल्याची खूण असलेली तुटक रेघच क्रिटिकल होते. शून्य दिवसांची रेघ, आणि सगळं काम तिच्यावर अडलेलं.

तिसरंवर्ष_स्थापत्य: मग शटरचं काय? ते 3 पासून सुरू होतं, म्हणजे तेही पाण्यासाठी थांबणार? फॅब्रिकेटर तर आठव्या दिवशीच रिकामा झाला.

जुना_नियोजक: बरोबर पकडलंत. या आकृतीत शटर विनाकारण पायाला बांधलं गेलंय. 3 चे दोन भाग करून आणखी एक तुटक रेघ काढावी लागेल. मूळ आकड्यांत फरक पडत नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. परीक्षेत मात्र दिलेली आकृती तशीच सोडवा.

साईटवरचा: 19 मला पटत नाही. पाण्याच्या दिवसांतच चर काढायची म्हणजे ओल्या पायाशेजारी खोदायचं. मी 20 च धरीन.

शब्दवेडा: आणि त्या तुटक रेघेला तुमच्याकडे काय म्हणतात?

साईटवरचा: काहीच नाही. आमच्याकडे बार चार्ट असतो, त्यात रेघा सरळ आडव्या. कोण कुणासाठी थांबलंय ते मुकादमाला विचारायचं.