फ्लेक्स ठरलेल्या साइजपेक्षा लहान आलाय, प्रिंटरला पत्र कसं लिहू?

सोसायटी_सेक्रेटरी: गणपतीसाठी 20 बाय 10 फुटांचा फ्लेक्स सांगितला होता, 15 रुपये स्क्वेअर फूटने 3000 रुपये दिले आणि आता फ्रेमला बांधायला गेलो तर चारही बाजूंनी फ्रेमचा पाइप दिसतोय. टेपने मोजला तर 19 फूट 2 इंच बाय 9 फूट 7 इंच. प्रिंटर म्हणतो दुमडण्यात एवढं जातंच. पत्र द्यायचंय, काय लिहू?

रंगीत_काका: रंग फिके आलेत का? आमच्याकडे पण तसंच झालेलं, फाइल आरजीबीत होती.

सोसायटी_सेक्रेटरी: नाही हो काका, रंग मस्त आहेत, साइजचा प्रॉब्लेम आहे.

बाळ्या७७: दुमडण्यात जातंच रे, एका बाजूला इंच दीड इंच. पत्र कसलं देतोस, सरळ ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन लाव.

फ्लेक्सवाला_जुना: बाळ्या, दोन्ही बाजूंचे मिळून तीन इंच धर, इथे लांबीत दहा इंच कमी आहेत. सेक्रेटरी, दुमडलेली पट्टी पांढरी आहे की डिझाइनची? आणि फाइलमध्ये ज्याचं माप माहीत आहे असं काहीतरी बॅनरवर मोजा.

सोसायटी_सेक्रेटरी: पांढरी. खालची लाल पट्टी फाइलमध्ये 18 फूट आहे, बॅनरवर 17 फूट 3 इंच भरली.

फ्लेक्सवाला_जुना: मग विषय दुमडीचा नाहीच, छापतानाच लहान झालाय. दहा फुटी रोलवर पूर्ण दहा फूट छापत नाहीत, कडा सोडावी लागते, म्हणून पठ्ठ्याने जॉइंट टाळायला अख्खं डिझाइन चार टक्क्यांनी बारीक करून बसवलं असणार. बॅनर सपाट पसरून लांबी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा, टेपसकट फोटो काढा आणि असं लिहा:

"आपल्याकडे 20 × 10 फूट, म्हणजे 200 स्क्वेअर फुटांचा बॅनर ठरला होता व तेवढ्याचेच पैसे दिले आहेत. मिळालेला बॅनर 19 फूट 2 इंच × 9 फूट 7 इंच, म्हणजे सुमारे 183.7 स्क्वेअर फूट आहे. फाइलमधील 18 फुटांची पट्टी 17 फूट 3 इंच छापली गेली आहे, त्यामुळे फरक दुमडीचा नाही. ठरलेल्या मापाचा बॅनर जॉइंट देऊन पुन्हा छापून द्यावा. ते शक्य नसल्यास जादा घेतलेले 245 रुपये परत करावेत."

मीनल_पुणे: 245 साठी एवढं? आमच्या दुकानाचा बोर्ड असाच आलेला, मी मागे काळं कापड लावलं, कोणाला कळलंही नाही.

फ्लेक्सवाला_जुना: ताई, म्हणूनच पैसे दुसऱ्या नंबरला लिहिलेत, त्यांना फ्रेम भरायचीय. पण सेक्रेटरी, ऑर्डर देताना 'रेडी साइज', म्हणजे दुमडून तयार झाल्यावरचं माप, असं लिहून दिलं होतं का?

सोसायटी_सेक्रेटरी: व्हॉट्सअॅपवर फक्त 20x10 आहे.

बाळ्या७७: हां, मग तो म्हणणार 20x10 म्हणजे मटेरियलची साइज.

फ्लेक्सवाला_जुना: म्हणू दे, लाल पट्टी का आखडली ते तरी सांगावं लागेल ना त्याला. पुन्हा छापेल की नाही याची मात्र गॅरंटी नाही, सीझनला मशीन रिकामी नसते.