‘क्रश’ला मराठीत काय म्हणावं? लेकीला समजावताना अडलेला शब्द

ओवी: माझी मुलगी नववीत आहे. परवा गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज म्हणाली, “आई, कबड्डीच्या टीममधला एक जण माझा क्रश आहे.” मी “बरं” म्हटलं आणि पुढे शब्दच सुचेनात. तिला सांगायचं होतं की असं कुणीतरी आवडून जाणं वेगळं आणि एखाद्या माणसात खरोखर मन घालणं वेगळं. ‘प्रेम’ म्हटलं तर फार मोठं वाटतं, ‘आकर्षण’ म्हटलं तर जीवशास्त्राचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं. मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत का?

रानवारा: सोपं आहे. क्रश म्हणजे भाळणं, दिसण्यावर भुलणं. प्रेम स्वभावावर जडतं. एवढंच सांगा तिला.

दहावी_अ: रानवारा, ‘भाळणं’ हा शब्द अगदी बरोबर आहे, पण दिसण्याचं पटत नाही. वीस वर्षं शिकवतेय. मुलं कुणाच्या आवाजावर भाळतात, कुणाच्या गणितावर, कुणी भांडण सोडवलं म्हणून त्याच्या स्वभावावरही भाळतात. कशावर भाळलो हा मुद्दा नाही, त्या माणसाला आपण किती ओळखतो हा आहे. वाक्य ऐका ना: ‘तो माझा क्रश आहे’. भावनेलाही क्रश म्हणायचं आणि माणसालाही. ‘माझा मित्र’ म्हणायला त्याचीही हो लागते. ‘माझा क्रश’ म्हणायला लागत नाही, त्याला पत्ताही नसतो. यात वाईट काही नाही, त्या वयात हे होतंच. ओवीताई, नाव-गाव न विचारता दोनच गोष्टी विचारून बघा. तुला त्याच्याबद्दल काय काय माहीत आहे? आणि त्याला तुझ्याबद्दल काय माहीत आहे?

पारिजात: नववीत कसलं लफडं? मोबाइल काढून घ्या, दोन महिन्यांत उतरेल.

ओवी: पारिजात, मला थांबवायचं नाहीये, समजावायचंय. आणि तिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही.

दहावी_अ: एक विनंती, ‘लफडं’ आणि ‘भानगड’ हे शब्द तिच्यासमोर नकोत. हे शब्द ऐकले की मूल एक गोष्ट पक्की शिकतं, ती म्हणजे पुढच्या वेळी आईला सांगायचं नाही. आणि पुढच्या वेळी खरंच काही चुकत असेल तेव्हाही सांगत नाही. तसंच मावशी-काकूंना हसत हसत सांगणंही नको.

जुनंपान: जुन्यांनी या भावनेला नाव दिलेलं आहे, ‘पूर्वराग’. भेट होण्याआधी, नुसतं पाहून किंवा कुणाबद्दल ऐकून जडलेली ओढ. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींना रंगांची नावं आहेत: नीली, कुसुंभ आणि मंजिष्ठा. नीळ फार चमकत नाही पण मनातून जात नाही, राम-सीतेचं तसं. मंजिष्ठा चमकतेही आणि टिकतेही. कुसुंभ शोभून दिसतो, पण निघून जातो. कुसुंभ म्हणजे आपली करडई. तिच्या फुलांचा लाल रंग कापडावर फार सुंदर चढतो आणि उन्हाने, धुण्याने उतरतो. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला ही उपमा लगेच कळेल.

ओवी: हे फार आवडलं. पण चढतानाच कसं कळणार की रंग कुसुंभाचा आहे की मंजिष्ठेचा?

जुनंपान: चढताना कळत नाही, धुतल्यावर कळतं. धुणं म्हणजे सहवास, कंटाळा, एखादं भांडण.

काठावरचा: माझं उलटं आहे. मुलगा सोळा वर्षांचा. वर्गातल्या मुलीला एका रात्रीत सतरा मेसेज टाकले, तिने दुसऱ्या दिवशी ब्लॉक केलं. हा म्हणतो, “बाबा, खरं प्रेम असेल तर हार मानायची नसते.” त्याचे मित्र म्हणतात, “पटव तिला.” मी रागावलो, पण काय चुकलं ते नीट सांगता आलं नाही.

दहावी_अ: दादा, ‘पटवणं’ या क्रियापदातच चूक दडली आहे. एरवी आपण मुद्दा पटवतो, गिऱ्हाईक पटवतो. म्हणजे समोरचा ‘नाही’पाशी उभा आहे आणि त्याला तिथून हलवायचंय. तिला काय वाटतं याला त्या वाक्यात जागाच नाही. त्याला विचारा, सतरापैकी किती मेसेजांना उत्तर आलं? पहिल्या दोनांना आलं नसेल तर तेच उत्तर होतं. भाळणाऱ्याच्या मनात समोरच्या माणसाचं एक चित्र असतं आणि चित्र कधी ‘नाही’ म्हणत नाही. खरा माणूस म्हणतो. ते ऐकून वाईट वाटलं, रडू आलं तरी चालेल, पण मेसेज थांबले पाहिजेत. आणि ब्लॉक केल्यावर मित्राच्या फोनवरून निरोप पाठवणं हाही मेसेजच, हे वेगळं सांगा.

काठावरचा: मित्राच्या फोनवरून पाठवलाय. आज बोलतो.

रानवारा: मग ‘पझेसिव्ह’चं काय? माझी भाची कौतुकाने सांगत होती, तो माझ्याबद्दल खूप पझेसिव्ह आहे.

दहावी_अ: हा शब्द मुली आजकाल दागिन्यासारखा मिरवतात. अशा वेळी मी शब्द बाजूला ठेवायला लावते आणि विचारते, तो नेमकं करतो काय? एका मुलीने सांगितलं, तो फोनचा पासवर्ड मागतो आणि मैत्रिणींबरोबर डबा खाल्ला की अबोला धरतो. मराठीत सांगितल्यावर तीच गप्प झाली. जिथे मन नीट जुळतंय तिथे जुन्या मैत्रिणी सुटत नाहीत, झोप उडालेली राहत नाही, आणि भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी भीती न वाटता बोलता येतं. आणि कुणी, विशेषतः वयाने मोठं माणूस, ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणत असेल, तर तिथे क्रश वगैरे शब्दांची चर्चा करत बसू नका. सरळ मध्ये पडा.

जुनंपान: व्याकरणाचं एक. ‘मला तो आवडतो’ यात ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. आवडणं आपल्याला होतं, भूक लागते तसं. म्हणून त्याबद्दल मुलीला अपराधी वाटायचं कारण नाही. पण ‘मी त्याची विचारपूस करते’, ‘मी त्याचं ऐकून घेते’ यात ‘मी’ येते. तिथून तिची जबाबदारी सुरू होते.

रानवारा: ‘मी प्रेम करते’ असं घरात कोण बोलतं हो? सिनेमातलं वाक्य वाटतं.

जुनंपान: तेही खरं.

ओवी: काल बोलणं झालं. त्याच्याबद्दल काय माहीत आहे विचारल्यावर धडाधड सांगितलं: जर्सीचा नंबर, सायकलचा रंग, चढाईला जाताना मातीला हात लावून कपाळाला लावतो ते. त्याला तुझं काय माहीत आहे म्हटल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “माझं नाव माहीत असेल बहुतेक.” करडईचं सांगितलं तर म्हणाली, “मग उतरणारा रंग वाईट का?” मी म्हटलं, नाही, फक्त त्याच्या भरवशावर नवा कपडा रंगवू नये. त्यावर विचारते, “तुला बाबा आवडले होते का? तुमचं तर ठरवून झालं.” इथे मी पुन्हा अडकले. आवडून गेले असं झालं नव्हतं. ‘सवय झाली’ म्हणणं खोटं होईल. मग काय झालं म्हणू?

पारिजात: आमच्याकडे ‘जीव लावला’ म्हणतात. आजीने नातवंडांना जीव लावला, बैलाला जीव लावला. जीव लागतो तो आपोआप, लावतो तो आपण.

ओवी: पारिजात, हाच शब्द हवा होता. पण त्यांनी आधी लावला की मी, ते आठवावं लागेल. आज संध्याकाळी दोघांनाही समोर बसवते.