लॉकरमधल्या दागिन्यांची यादी: ग्रॉस, नेट आणि फोटो

बी-३०२: लॉकरमधल्या दागिन्यांची यादी करायला घेतली आहे. वहीत "मंगळसूत्र १, पाटल्या २, कुड्या १ जोड" असं लिहिलंय. शेजारी वजन टाकलं की झालं ना?

ए-१०४: काकू, आधी कुठलं वजन टाकायचं ते ठरवा. काट्यावर दिसतं ते ग्रॉस, म्हणजे मणी, खडे, मोती, लाख, दोरा सगळं धरून. त्यातलं नुसतं सोनं म्हणजे नेट, आणि ते घरच्या काट्यावर कळत नाही, बिलावरूनच घ्यावं लागतं. दोन वेगळे रकाने करा. बिल सापडत नसेल तर नेटचा रकाना कोरा ठेवा. अंदाजाने लिहिलेला आकडा वाटणीच्या वेळी खरा धरला जातो आणि तिथूनच भांडणं लागतात.

बी-३०२: मंगळसूत्राचं बिल आहे. ग्रॉस १८.४६०, नेट १२.१२०. पण आज मोजलं तर १७.९१ भरलं. सोनं झिजलं की काय?

ए-१०४: बिलाप्रमाणे ६.३४० ग्रॅम काळे मणी आणि दोरा आहे. मधे गाठवून घेतलं असेल तर अर्धा ग्रॅम तिथेच कमी झाला असेल, कारण गाठवताना काळे मणी कमी-जास्त होतात. म्हणून अशा दागिन्यात वजनाबरोबर सोन्याचे नग मोजून लिहायचे. नोंद अशी करा:

"मंगळसूत्र, दोन पदरी, लांबी ६१ सेंमी. वाट्या २, साध्या, एकीच्या कडेला पोचा. सोन्याचे मणी १४. मागे सोन्याचा हुक. ग्रॉस: बिलात १८.४६०, काट्यावर १७.९१ (गाठवल्यानंतर). नेट: बिलानुसार १२.१२०. शिक्का 22K916, वाटीच्या मागे."

पुढच्या वेळी मणी १४ च्या जागी १३ भरले तर लगेच कळेल. तो पोचाही आवर्जून लिहा. एकसारख्या दोन वाट्यांमधून आपली ओळखायची ती अशाच खुणेवरून.

सी-५०१: पाटल्या जोडीने मोजल्या तर चालतील का?

ए-१०४: नको, एकेक मोजा आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहा. भरीव, पोकळ की लाखेची तेही लिहायचं. जाडीच्या मानाने हलकी लागली आणि आतल्या बाजूला जोड किंवा बारीक छिद्र दिसलं, तर लाख असण्याची शक्यता धरा आणि सराफाकडून खात्री करून घ्या. तोवर तिचं ग्रॉस वजन सोनं म्हणून धरू नका. कुड्या मोजताना फिरक्या लावूनच मोजा आणि "फिरक्यांसह" असं लिहा. एक फिरकी हरवली तरी वजन बदलतं.

बी-३०२: आईंच्या जुन्या चिठ्ठीत बोरमाळ "३ तोळे" आहे.

ए-१०४: जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आता सराफ १० ग्रॅमचा धरतात. म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास की ३० हा फरक पडतो. चिठ्ठीतला शब्द तसाच उतरवा आणि शेजारी काट्यावरचे ग्रॅम लिहा. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. सपाट जागेवर, पंखा बंद करून, आधी काट्याबरोबर आलेलं वजन ठेवून तपासा.

ए-६०३: फोटोत शिक्का वाचताच येत नाही.

सी-५०१: फ्लॅश बंद करा, तो सोन्यावर पांढरा डाग पाडतो. खिडकीशी, उन्हाच्या झोतात न येता, राखाडी किंवा निळ्या बिनचमकीच्या कापडावर ठेवा. प्रत्येक दागिन्याचे पुढून, मागून, फाशाजवळून आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. एक फोटो काट्यावरचा, आकडा दिसेल असा. शिक्क्यासाठी मोबाइलच्या लेन्सपुढे दहापट भिंग धरा. शिक्क्यातला एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरी ओळख-क्रमांक, हातानेही उतरवा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता जुळायला हवी. ० आणि ओ यांत गफलत होते. जुन्या दागिन्यांवर आणि दोन ग्रॅमच्या आतल्या नथनीसारख्या वस्तूंवर एचयूआयडी नसला म्हणून घाबरू नका.

ए-६०३: ही यादी बँकेत द्यायची का?

डी-२०२: बँक लॉकरमध्ये काय आहे याची नोंद ठेवतच नाही, त्यामुळे पुरावा आपल्याकडेच हवा. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं ४,००० असेल तर ४ लाख. दागिने त्याहून जास्त किमतीचे असतील तर वेगळा विमा बघा, तिथे ही यादी आणि बिलं उपयोगी पडतील. लॉकर रूममध्ये फोटो काढायचे असतील तर आधी शाखेत विचारा.

बी-३०२: मग यादीची एक प्रत लॉकरमध्येच ठेवू?

डी-२०२: एक तिथे ठेवा, पण दुसरी बाहेर हवीच, घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे. फोटो मोबाइलच्या गॅलरीत किंवा कुठल्याही ग्रुपवर राहू देऊ नका, पेनड्राइव्हवर घ्या. दागिना बाहेर काढला की ओळ खोडू नका, शेजारी तारीख आणि "काढला, कोणाकडे" लिहून सही करा. परत ठेवताना पुन्हा वजन करून नवी ओळ घाला.