मदत हवी आहे: १५० ते ४०० मध्ये सातने भाग जाणाऱ्या संख्या ३५ की ३६?

कळव्याची आई (धागाकर्ती)

नमस्कार. माझा मुलगा आठवीत असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करत आहे. ठाण्यात तो ज्या शिकवणीला जातो, तिथल्या सराव प्रश्नपत्रिकेत पुढील प्रश्न होता: "१५० ते ४०० या संख्यांमध्ये ७ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती?" उत्तरसूचीत ३५ हे उत्तर छापले आहे आणि खाली रीतही दिली आहे: ४०० मधून १५० वजा केले की २५० उरतात, २५० ला ७ ने भागले की ३५.७ येतात, अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणून ३५. मुलाने ३६ लिहिले होते आणि त्याचा गुण गेला.

त्याने वहीच्या मागच्या पानावर १५४, १६१, १६८ अशा सर्व संख्या ओळीने लिहून काढल्या आहेत. मी पेन्सिलीने टिंबे देत त्या दोनदा मोजल्या. त्या ३६ च भरतात, त्यामुळे उत्तरसूची चुकली आहे, असे मला वाटू लागले. परंतु पडताळा म्हणून मी १४८ ते ३९८ ही जोडी घेतली, तेव्हा मोजून ३५ आले आणि उत्तरसूचीची रीतही ३५ च देते. दोन्ही जोड्यांतील अंतर २५० आहे, मग एकदा ३६ आणि एकदा ३५ कसे येतात? रीत नेमकी कुठे बिघडते, हे मला मुलाला समजावून सांगता आले पाहिजे. नुसते "असे करायचे असते" एवढे सांगून त्याचे समाधान होत नाही आणि खरे सांगायचे तर माझेही होत नाही.

घणसोली ७०१

ताई, ही खांबांची चूक आहे. शंभर फुटांच्या कुंपणाला दर दहा फुटांवर खांब लावायचा असेल, तर दहा नव्हे, अकरा खांब लागतात. त्याचप्रमाणे वजाबाकी करावी, सातने भागावे, अपूर्णांक सोडावा आणि शेवटी एक मिळवावा. ३५ अधिक १ म्हणजे ३६. आपल्या मुलाचे उत्तर बरोबर आहे.

कळव्याची आई

आपल्या रीतीने पहिल्या जोडीचे उत्तर जुळते, पण १४८ ते ३९८ साठी तीच रीत ३६ देते आणि तिथे मोजून ३५ च आहेत. मी पुन्हा तपासले: पहिली संख्या १५४ आणि शेवटची ३९२. ३९९ ही ३९८ च्या एक पुढे राहते.

नौपाडा, निवृत्त शिक्षक

ताईंनी निवडलेली दुसरी जोडी फार उपयोगी आहे, कारण केवळ अंतरावरून हे उत्तर काढता येत नाही, हे तिने एका फटक्यात दाखवून दिले. घणसोलीकरांचे कुंपण पहिला खांब अगदी सुरुवातीलाच रोवला असेल तर बरोबर आहे, म्हणजे लहान संख्या स्वतः सातच्या पाढ्यात असेल तर. १५० आणि १४८ यांपैकी एकही पाढ्यात नाही, त्यामुळे पहिला खांब कुंपणाच्या टोकापासून थोडा आत आहे आणि किती आत, ते प्रत्येक वेळी वेगळे आहे.

मी वर्गात हे उदाहरण सांगताना १५० पासून मोजायला सुरुवातच करत नसे. नेहमी १ पासून मोजावे. १ ते ४०० मध्ये सातच्या पटी किती? ४०० ला ७ ने भागले की भागाकार ५७ आणि बाकी १. सत्तावन्नावी पट ३९९ वर येते आणि अठ्ठावन्नावी ४०६ वर, म्हणजे ती अजून आलेली नाही. म्हणून बाकी कितीही असली, तरी भागाकार खालच्या पूर्ण संख्येवरच थांबवायचा. आता या ५७ पैकी आपल्याला नको असलेल्या, म्हणजे १५० च्या आधीच्या, काढून टाकायच्या. त्या १ ते १४९ मध्ये आहेत. १४९ ला ७ ने भागले की भागाकार २१, बाकी २. ५७ वजा २१ बरोबर ३६.

१५० ऐवजी १४९ का, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. १५० ही आपल्याला हवी असलेल्या पट्ट्यातलीच संख्या आहे, तिला काढून टाकायचे नाही. या उदाहरणात १५० ला भागले तरी २१ च येतात, त्यामुळे चूक झाली तरी ती लपून राहते. आपल्या मुलाला १५४ ते ३९९ करायला द्या. १५४ ला भागून २२ वजा केले, तर ३५ येतील आणि १५४ स्वतःच मोजणीतून निसटेल. १५३ ला भागले की २१ येतात आणि खरे उत्तर ३६ मिळते. रीत पक्की झाली की नाही, हे ओळखायचे असेल तर लहान संख्या मुद्दाम पाढ्यातलीच द्यावी.

आता ताईंचा मूळ प्रश्न. उत्तरसूचीने आधी वजाबाकी केली आणि मग एकदाच भागले. खरी रीत दोनदा भागते, प्रत्येक भागाकार स्वतंत्रपणे खाली आणते आणि मग वजाबाकी करते. या दोहोंतला फरक बाकीत दडलेला आहे. वारांच्या भाषेत पाहा: ४०० म्हणजे ५७ आठवडे १ दिवस, १४९ म्हणजे २१ आठवडे २ दिवस. दिवसांची वजाबाकी करायला गेलो तर १ मधून २ जात नाहीत, एक आठवडा मोडून हातचा घ्यावा लागतो आणि ३६ चे ३५ आठवडे ६ दिवस होतात. मोडलेला तो आठवडा म्हणजेच हरवलेली पट. दुसऱ्या जोडीत ३९८ म्हणजे ५६ आठवडे ६ दिवस आणि १४७ म्हणजे पूर्ण २१ आठवडे. ६ मधून ० जातात, काहीच मोडावे लागत नाही, म्हणून तिथे कोणत्याही क्रमाने केले तरी ३५ च येतात. उत्तरसूचीची रीत तिथे बरोबर ठरते, पण ती योगायोगाने.

कळव्याची आई

सर, हातच्याचे उदाहरण मुलाला लगेच पटले. त्याने स्वतःहून स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढून आणले.

खारघर सोसायटी

धागा वाचून आमचेच प्रकरण आठवले. आमच्या सोसायटीत पावसाळ्यात दर रविवारी गच्चीवरील पन्हळी साफ करण्याचे काम एका ठेकेदाराला दिलेले असते. २०२५ मध्ये १ जून ते ३० सप्टेंबर या काळाचे त्यांनी १८ फेऱ्यांचे बिल दिले. आम्ही १२२ दिवसांना ७ ने भागले, १७.४ आले, खाली आणून १७ धरले आणि एका फेरीचे पैसे रोखले. वरील चर्चेप्रमाणे खालीच आणायचे असते ना? मग आमचे बरोबर आहे, असे समजावे का?

नौपाडा, निवृत्त शिक्षक

खाली आणायचे हे खरे, पण कशाला, तेही महत्त्वाचे आहे. आपण दिवसांची संख्या भागलीत, म्हणजे उत्तरसूचीचीच वाट धरलीत. १२२ दिवस म्हणजे १७ आठवडे आणि वर ३ दिवस. त्या उरलेल्या तीन दिवसांत रविवार पडतो की नाही, यावर १७ की १८ हे ठरते, आणि ते भागाकार सांगत नाही, कॅलेंडर सांगते.

२०२५ मध्ये १ जूनलाच रविवार होता. दिवसांना असे क्रमांक द्या की प्रत्येक रविवारी सातची पट येईल: १ जूनला ७ म्हणा, मग ३० सप्टेंबरचा क्रमांक १२८ होतो. १२८ ला भागून १८, सातच्या आधीच्या ६ ला भागून शून्य, म्हणून १८ रविवार, शेवटचा २८ सप्टेंबरला. ठेकेदाराचे बिल बरोबर आहे. २०२६ मध्ये १ जूनला सोमवार येतो. त्याला १ क्रमांक दिला, तर ३० सप्टेंबरचा १२२ होतो आणि रविवार १७ च भरतात. दिवस तेवढेच, महिने तेच, तरी एक फेरी कमी.

खारघर सोसायटी

कॅलेंडर उघडून मोजले. १८ आहेत. समितीच्या पुढच्या बैठकीत रोखलेली रक्कम देण्याचा विषय मांडतो.

ऐरोली, संगणक विभाग

सरांची रीत प्रोग्राममध्ये वापरणाऱ्यांसाठी एक खबरदारी सांगावीशी वाटते. धन संख्यांसाठी "अपूर्णांक सोडून देणे" आणि "खालच्या पूर्ण संख्येवर आणणे" ही एकच गोष्ट आहे, ऋण संख्यांसाठी नाही. उणे १६ ते ३० ही मर्यादा घेतली, तर सातच्या पटी उणे १४, उणे ७, ०, ७, १४, २१, २८ अशा सात आहेत. रीतीप्रमाणे ३० चे ४ येतात आणि उणे १६ च्या आधीची संख्या उणे १७. तिला ७ ने भागले की उणे २.४ च्या आसपास येते. खालची पूर्ण संख्या उणे ३ आहे, पण सी भाषेतला पूर्णांक भागाकार अपूर्णांक तोडून उणे २ देतो आणि एकूण उत्तर ७ ऐवजी ६ येते. पायथॉनमध्ये दुहेरी तिरकी रेघ खाली आणते, म्हणून तिथे हे बरोबर चालते:

```
30 // 7 - (-17) // 7
```

याचे उत्तर ७ येते. एक्सेलमध्ये `INT` खाली आणते आणि `QUOTIENT` अपूर्णांक तोडते, म्हणून तिथेही `INT` घ्यावे. धन संख्यांची चाचणी करून ही चूक सापडत नाही, त्यामुळे एक तरी ऋण उदाहरण चालवून पाहावे.

घणसोली ७०१

शून्य ही सातची पट मानायची का? शाळेत पाढा सातपासून सुरू होतो.

ऐरोली, संगणक विभाग

शून्याला सातने भागले की बाकी शून्य उरते, म्हणून मोजायची. १ पासून मोजणी केली तर ती आपोआप बाहेर राहते, मर्यादेत शून्य असेल तेव्हाच हा प्रश्न येतो.

घणसोली ७०१

माझी कुंपणाची रीत मी अशी सुधारतो: आधी पट्ट्यातली पहिली आणि शेवटची पट शोधावी, १५४ आणि ३९९, मग त्यांची वजाबाकी २४५, सातने भागून ३५, आणि एक मिळवून ३६. आता पहिला खांब टोकालाच आहे. परंतु मला आणखी एक शंका आहे. प्रश्नात "१५४ ते ३९९" ऐवजी "१५४ आणि ३९९ यांच्या दरम्यान" असे असेल तर?

नौपाडा, निवृत्त शिक्षक

सुधारलेली रीत बरोबर आहे. "दरम्यान" म्हटले की मी दोन्ही टोके वगळतो. मग ३९८ ला भागून ५६, १५४ ला भागून २२, उत्तर ३४.

खारघर सोसायटी

सर, येथे मी सहमत नाही. "१ जून ते ३० सप्टेंबर दरम्यान काम करावे" असे करारात लिहिले, तर दोन्ही दिवस धरलेलेच असतात.

नौपाडा, निवृत्त शिक्षक

करारात तसे असेल, गणिताच्या प्रश्नात मी ते मान्य करणार नाही. प्रश्नकर्त्याने "दोन्ही संख्या धरून" किंवा "सोडून" असे लिहायला हवे.

कळव्याची आई

आमच्या प्रश्नात १५० आणि ४०० या दोन्ही पाढ्यात नसल्यामुळे कसेही वाचले तरी ३६ च येतात, हे आत्ता लक्षात आले. उद्या छत्तीस संख्यांचे ते पान आणि ५७ वजा २१ ही मांडणी शिकवणीत दाखवणार आहे. शिष्यवृत्तीच्या मागील प्रश्नपत्रिकांत "दरम्यान" हा शब्द आला असून एखादे टोक पाढ्यातले असेल, असे उदाहरण कोणाकडे उत्तरासह असल्यास कृपया येथे लिहावे.