विषय: खो-खो निवड – सात नंबर बाहेर, बारा नंबर आत, ते कसं?

तात्या (संघ व्यवस्थापक):

नमस्कार मंडळी. काल रात्री यादी लावली आणि आज सकाळी खंडेराव मार्केटात भाजी घेताना तिघांनी गाठलं, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितो. मुलींची नावं घालत नाही, छातीवरचे नंबर घालतो.

ट्रायल शंभर गुणांची होती: तीस मीटर धाव, खांबाला वळसा आणि पळती. याला 60 टक्के वजन. दोन्ही सरांनी आठवडाभर सराव बघून दहापैकी गुण दिले, एकमेकांना न दाखवता आणि ट्रायलचा आकडा न बघता. त्यांच्या सरासरीला 40 टक्के.

सात नंबर: ट्रायल 78, सरांचे 6. म्हणजे 46.8 अधिक 24, एकूण 70.8. बारा नंबर: ट्रायल 72, सरांचे 8. म्हणजे 43.2 अधिक 32, एकूण 75.2. बाराव्या, शेवटच्या जागेसाठी या दोघीच उरल्या होत्या.

सात नंबर वाऱ्यासारखी धावते, वाद नाही. पण बसलेलीच्या पाठीमागे पूर्ण पोचायच्या आतच ‘खो’ म्हणते. फाउल मिळतो आणि समोरची पळून जाते. स्टॉपवॉचमध्ये हे दिसत नाही, म्हणून तर सरांचे गुण ठेवले.

नऊ नंबरचे बाबा:

तात्या, यात दहाचं आणि शंभरचं त्रांगडं आहे. दोन्ही शंभरपैकी करा, प्रश्नच मिटला.

चार नंबरची आई:

भाऊ, नाही मिटत. 6 चे 60 आणि 8 चे 80 केले, तरी 40 टक्के घेतल्यावर तेच 24 आणि तेच 32 येतात. गडबड खरी आहे, पण ती दुसरीकडे.

तात्यांनी कालच्या मेलला जोडलेला तक्ता बघा. बावीस मुलींचे ट्रायलचे गुण 66 ते 80 मध्ये आहेत. खालच्या आणि वरच्या मुलीत 14 गुणांचा फरक, त्याला 0.6 ने गुणलं की 8.4. सरांचे गुण 4 ते 9 मध्ये आहेत. फरक 5 चा, त्याला चारने गुणलं की 20. कागदावर ट्रायल 60 टक्के, पण मुलींना वर-खाली करण्याची ताकद सरांच्या आकड्यात दुपटीहून जास्त. कारण सर मोकळ्या हाताने गुण देतात आणि ट्रायलमध्ये सगळ्या जवळजवळ येतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकडा त्याच्याच सरासरीपासून किती दूर आहे ते प्रमाण विचलनाने मोजायचं, मग वजन लावायचं. ट्रायलची सरासरी 73, विचलन 4. सरांची 6.5 आणि 1.25. सात नंबर ट्रायलला अधिक 1.25, सरांकडे उणे 0.4, वजन लावून 0.59. बारा नंबर उणे 0.25 आणि अधिक 1.2, वजन लावून 0.33. क्रम उलटतो.

अठरा नंबरची आजी:

आमच्या छकुलीला ट्रायलच्या दिवशी ताप होता, हे तात्यांना सांगितलं होतं. तिची सरासरी काढताना तापाचे किती धरले? आणि हे विचलन तिला का लावलं, ती कधी विचलित झालेली मी पाहिली नाही.

तात्या:

आजी, ते विचलन गणितातलं, छकुलीचं नाही. ती ट्रायलला आली नाही म्हणून आकडाच नाही. पुन्हा घ्यायची म्हटली तर तेच मैदान आणि तोच घड्याळ धरणारा हवा. हाताने वेळ घेताना माणूस बदलला की निकाल बदलतो. सरांशी बोलतो.

वहिनी, तुमचं गणित मी दोनदा करून पाहिलं, बरोबर आहे. माझ्या ध्यानात नव्हतं. पण यादी लावल्यावर रीत बदलली, तर उद्या कोणीही म्हणेल की अमक्या मुलीसाठी बदलली. शिवाय सरांचे गुण जास्त पसरले म्हणजे ते चुकलेच असं नाही. खेळातला फरक धावेतल्या फरकापेक्षा मोठा असूही शकतो.

चार नंबरची आई:

असूही शकतो. मग सरळ 30-70 असं जाहीर करा की! 60-40 सांगून उलटं चालवणं पटत नाही. आणि सात नंबरला एका सरांनी 5 दिलेत, दुसऱ्यांनी 7. बारा नंबरला दोघांनीही 8. निदान सात नंबरपुरतं दोन्ही सरांनी एकत्र बसून तिचा सराव पुन्हा बघायला हवा होता.

नऊ नंबरचे बाबा:

म्हणजे माझंही अर्धं बरोबर होतं ना?

तात्या:

अर्धं. पुढच्या वर्षी ट्रायलच्या आधीच वहिनींच्या रीतीने वजन ठरवून कळवीन. या वेळची यादी सध्या तीच. शनिवारी संध्याकाळी दोन्ही सर सात आणि बारा नंबरला समोरासमोर खेळवून बघणार आहेत, त्यातून काही बदलेलच असं मी म्हणत नाही. सात नंबरच्या बाबांना दोनदा फोन केला, उचलत नाहीत. कोणाला दांडिया बाजारात भेटले तर एवढा निरोप द्या.