ओव्हनमधल्या तंगड्या: हाडाजवळ शिजलं की नाही, कसं ओळखता?

परवा आठ जण जेवायला होते. ओव्हनमध्ये मांड्या आणि ड्रमस्टिक भाजल्या होत्या, 200 वर 40 मिनिटं. कातडी मस्त तांबूस. पहिल्याच पाहुण्याने ड्रमस्टिक मोडली आणि हाडाला लागून लालभडक! सगळ्यांच्या ताटातलं उचलून परत ट्रेमध्ये टाकलं आणि वीस मिनिटं ठेवलं. कातडी करपली, लाल मात्र जिथल्या तिथे. मग ते कच्चं होतं की नव्हतं? तुम्ही किती तापमानाला, किती वेळ ठेवता आणि हाडाजवळ कसं तपासता? आकड्यांसकट लिहा. फसलेले प्रयोग आधी लिहिलेत तरी चालेल.

निवांत
एवढं काय त्यात. जाड भागात सुरी खुपसायची, पाणी स्वच्छ आलं की झालं. गुलाबी आलं की अजून दहा मिनिटं. वीस वर्षं असंच करतोय, कोणी आजारी पडलेलं नाही. थर्मामीटर वगैरे चोचले आहेत.

मीठ_आदल्या_रात्री
काही वर्षं केटरिंगच्या किचनमध्ये ओव्हनवर होते, त्यामुळे हा लाल रंग पोत्याने पाहिलाय. तुमचं बहुतेक कच्चं नव्हतं. आजकालची कोंबडी लहान वयातच कापतात, तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात. आतल्या मगजातला लाल रंग शिजताना हाडातून झिरपतो आणि बाजूच्या मांसात बसतो. चिकन आधी गोठवलेलं असेल तर जास्तच, कधी कधी जवळजवळ काळपट. एकदा बसलेला हा रंग पुढे कितीही भाजलं तरी जाईलच असं नाही, म्हणून तुमची ती वीस मिनिटं वाया गेली.

उलटही होतं बरं का. पाणी स्वच्छ आलं आणि हाडाजवळ अजून 65 च आहे, असं मी स्वतः मोजलंय. त्यामुळे निवांत, तुमची सुरी दोन्ही बाजूंनी फसवू शकते. रंग सोडा, तापमान बघा.

मागच्या वेळची नोंद वहीत आहे. चार मांड्या, चार ड्रमस्टिक, सगळं हाडासकट आणि कातडीसकट. फ्रिजमधून काढून थेट ट्रेमध्ये, ओव्हन आधी तापवून 210, पंखा बंद.
25 मिनिटांनी: ड्रमस्टिक 66, मांडी 61.
35 मिनिटांनी: ड्रमस्टिक 79, मांडी 73.
43 मिनिटांनी: मांडी 84. ड्रमस्टिक तोवर काढून ठेवल्या होत्या.
हे आकडे पाठ करू नका, तुकडा जाड असला की लगेच बदलतात. पण मांडी मागे राहते हे जवळजवळ दरवेळी दिसतं. म्हणून मांड्या ट्रेच्या कडेला, जिथे ओव्हन जास्त तापतो तिथे ठेवते.

पाचवा_मजला
मला वेगळीच अडचण आहे. 200 वर 40 मिनिटं ठेवलं तर माझं लाकडासारखं होतं, दातांत अडकतं. तुम्ही सगळे एवढा वेळ कसं काय ठेवता? चिकन ब्रेस्ट, बोनलेस.

मीठ_आदल्या_रात्री
ब्रेस्ट वेगळी गोष्ट आहे हो, इथे पायांचं चाललंय. ब्रेस्ट 74 च्या फार पुढे गेली की कोरडी पडते. पाय उलटे. 74 ला खायला सुरक्षित असतात, पण चावायला रबरी लागतात आणि मांस हाड सोडत नाही. त्यातल्या चिवट पडद्यांना विरघळायला वेळ लागतो. 80 ते 85 ला ते मऊ होतात आणि मांस रसाळच राहतं. तुमची ब्रेस्ट निम्म्या वेळाने तपासायला लागा.

पाचवा_मजला
अरे हो, तंगड्यांचा धागा आहे. सॉरी. पण उत्तर मिळालं.

कुरकुरीत
माझा घोळ ओव्हनच्या काट्याचा निघाला. 200 वर लावून 50 मिनिटांनीही हाडाजवळ खरंच कच्चं, म्हणजे मऊ, चिकट, काचेसारखं दिसणारं मांस. (लाल पण शिजलेलं मांस असं नसतं. ते तंतू तंतू सुटतं. हा फरक बोटाला कळतो.) शेवटी ओव्हनमध्ये टांगायचा छोटा थर्मामीटर आणला तर काटा 200 वर आणि आत 170! दिवा विझला म्हणजे तापलं असं मी समजत होतो. आता दिवा विझल्यावरही दहा मिनिटं थांबतो आणि 225 वर लावतो. ज्यांचं नेहमीच जास्त वेळ घेतं त्यांनी आधी हे बघा.

निवांत
बरं, समजा थर्मामीटर घेतला. एकाच ड्रमस्टिकमध्ये मला 71, 88 आणि 79 असे तीन आकडे मिळाले. मुलाचा आहे, हट्टाने आणलेला. यातला खरा कुठला?

मीठ_आदल्या_रात्री
सगळ्यात कमी आलेला, 71. टोक हाडाला लागलं की आकडा भरवशाचा राहत नाही. कातडीजवळ राहिलं की जास्त दाखवतो. ड्रमस्टिकच्या फुगीर भागात बाजूने घाला, हाड लागलं की केसभर मागे ओढा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. मग दुसऱ्या बाजूनेही बघा. मांडीत हाडाला समांतर, कडेने घालायचं. आणि ट्रेमधला सगळ्यात जाड तुकडा तपासायचा, हाताला लागेल तो नाही.
एकदा बर्फ भरलेल्या पाण्यात बुडवून बघा, शून्याच्या आसपास यायला हवं.

निवांत
तीन दाखवतोय. चोचले म्हटलं ते अर्धं मागे घेतो.

लाडू_नको
माझ्याकडून फक्त एक. मध लावलेलं मिश्रण सुरुवातीला लावू नका. 210 वर पंधराव्या मिनिटाला काळं झालं, मला वाटलं झालं, काढलं, आत कच्चं. आता शेवटच्या सात-आठ मिनिटांत लावते. आणि तुकडे चिकटून ठेवले की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडतं, म्हणून मध्ये बोटभर जागा. आमच्याकडे पंखेवाला मोड आहे, त्यात 190 पुरतं.

कुरकुरीत
मध्येच उलटता का? मी नाही उलटत, कातडी वरच ठेवतो. उलटलं की खालच्या पाण्यात मऊ पडते.

लाडू_नको
मी उलटते. जाळी नाही माझ्याकडे, खालची बाजू पांढरीफटक राहते.

धागाकर्ती
काल परत केलं. यावेळी गोठवलेलं नाही, ताजं. आदल्या रात्री मीठ चोळून उघडंच फ्रिजमध्ये ठेवलं, सगळ्यात खालच्या कप्प्यात. सकाळी कातडी कागदासारखी कोरडी. 210 वर ड्रमस्टिक 36 मिनिटांत 82, मांड्या 45 मिनिटांत 84. सहा तुकड्यांत हाडाजवळ नुसतं तपकिरी, दोघांत पुसट गुलाबी. मांस बोटाने ओढलं तर हाड स्वच्छ निघालं. कातडीचा आवाज शेजारच्या खोलीत गेला.

ते दोन गुलाबी तुकडे मी बिनधास्त खाल्ले. सासूबाईंनी मात्र 82 चा आकडा डोळ्यांनी पाहूनही ताट सरकवलं, "लाल ते कच्चं" म्हणून. पाहुण्यांसाठी तुम्ही काय करता? हाडापासून सोडवूनच वाढता का?

मीठ_आदल्या_रात्री
केटरिंगला आम्ही पाहुण्यांना मांड्याच द्यायचो, ड्रमस्टिक मोडल्यावर हाडाचं टोकच आधी डोळ्यांत भरतं. सासूबाईंसाठी माझ्याकडे थर्मामीटर नाही.