मदत हवी आहे: हॉलचा रंग ठरेना, पेंटर शुक्रवारी येतोय

केळीपान
आमच्या घरी (जळगाव) हॉलला रंग द्यायचा आहे. कानबाईच्या सणाच्या आत व्हायलाच हवा. सासऱ्यांना पिस्ता हवा, सासूबाईंना हळदीसारखा पिवळा, नवऱ्याला ग्रे आणि मुलीला (वय ११) लॅव्हेंडर. मला काहीही चालेल, फक्त तीन वर्षांनी पुन्हा हेच भांडण नको. सगळ्यांना आवडेल आणि टिकेल असं कॉम्बिनेशन सांगा. प्लीज लवकर, पेंटर डबे कधी आणायचे म्हणून रोज फोन करतोय.

मन्या_अमळनेर
सोप्पं आहे ताई. भिंती चार, माणसं चार. एकेकाला एकेक भिंत देऊन टाका. भांडण खलास.

तापीकाठ
मन्याभो, तो हॉल आहे का लग्नाचा मांडव?
ताई, खोलीचं काहीच सांगितलं नाहीत. फरशी कुठल्या रंगाची? दारं पॉलिशची की ऑईल पेंटची? सोफा बदलणार आहात का? खिडकी कुठल्या दिशेला? आत्ता भिंतीवर काय आहे?

केळीपान
फरशीला काय करायचंय? फरशी बदलत नाही आहोत, फक्त भिंती.

तापीकाठ
बदलत नाही आहात म्हणूनच विचारतोय. जे बदलणार नाही त्याच्याशी भिंतीला जमवून घ्यावं लागतं, उलटं होत नाही. वडिलांचं रंगाचं दुकान होतं, वीस वर्षं गल्ल्यावर बसलोय. लोक कार्डावर बोट ठेवून रंग नेतात आणि आठ दिवसांनी "हा तो रंगच नाही" म्हणत परत येतात. दहातल्या आठ वेळा डब्यात तोच रंग असतो.

वास्तूप्रेमी
मुख्य दार कोणत्या दिशेला आहे ते आधी सांगा. पश्चिमेला असेल तर पांढरा किंवा निळा घ्यावा. पिवळा ईशान्येला चालतो.

सुलभा_भुसावळ
आम्ही सगळं घर पांढरं केलं. पांढऱ्याशी सगळं जातं, कोणाचं भांडण नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात जो भट्टा पेटतो त्यात पांढरं बघूनच बरं वाटतं. गच्चीला पण पांढरा कूल कोट मारून घ्या, फरक पडतो. दोन हात द्यायचे, पावसाळा संपल्यावर.

केळीपान
सुलभाताई, गच्चीचं नाही विचारलं हो. पांढऱ्याला सासूबाई "दवाखाना करायचाय का" म्हणतात.
तापीकाठ दादा, हे घ्या: हॉल १२ बाय १६, उंची १०. फरशी क्रीम, तिच्यात तपकिरी रेषा. दारं सागवानी, पॉलिश केलेली. सोफा मरून, चार वर्षांपूर्वीचा, तो राहणार. एकच मोठी खिडकी आणि दार, दोन्ही पश्चिमेला ओट्यावर उघडतात. आत्ता भिंतीवर क्रीम आहे, म्हणजे क्रीमच सांगितला होता. लागल्यावर हिरवट दिसायला लागला. दुकानदाराने चुकीचा डबा दिला आणि मान्य केलं नाही. म्हणून या वेळी मला धोका नको.

तापीकाठ
हे "हिरवट" तुम्ही पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. दिवसा हिरवट दिसतो की रात्री ट्यूब लावल्यावरही? आणि ओट्यावर छप्पर कशाचं आहे?

केळीपान
रात्रीचं कधी लक्ष नाही दिलं. ओट्यावर फायबरचा हिरवा पत्रा आहे, नानांनी (सासरे) गाडीसाठी टाकून घेतला होता. त्याचा काय संबंध?

तापीकाठ
सगळा संबंध तिथेच आहे. तुमच्या हॉलमध्ये जो उजेड येतो तो जवळजवळ सगळा त्या पत्र्यातून गाळून येतो. भिंत क्रीम असली तरी तिच्यावर पडतोय हिरवा उजेड. अशा उजेडात लॅव्हेंडर राखेसारखा मळकट दिसेल, ग्रे शेवाळी दिसेल, मरून सोफा आत्ताच काळपट दिसत असेल. पिस्ता मात्र जरा जास्तच पिस्ता होईल. आणि सुलभाताई, पांढऱ्याला स्वतःचा रंग नसतो, म्हणून तो दुसऱ्याचा सगळ्यात लवकर घेतो. यांच्या हॉलमध्ये पांढरा सगळ्यात जास्त हिरवा दिसेल.

खरं-खोटं करून बघा. उद्या दुपारी पत्र्यावर जाड ताडपत्री टाका, खिडकीत पडणारा हिरवा उजेड पूर्ण बंद झाला पाहिजे. हॉलमध्ये लगेच बघू नका, डोळ्याला सवय झालेली असते. पाच मिनिटं बाहेर उभ्या राहा, मग आत येऊन भिंत बघा. आणि रात्री ट्यूबखाली पण बघा.

उगाचच
कानबाईचे रोट कोणाकडे किती किलोचे असतात? आमच्याकडे सव्वा किलोचे. गावाला जायला मिळत नाही, इथे पुण्यात कोणाला कानबाई माहीतच नाही.

मन्या_अमळनेर
उगाचच भो, वेगळा धागा काढ, मी येतो. रोट घरातल्या माणसांच्या हिशोबाने असतात.
बाकी ताई, एक खरं काम सांगतो. पावसाळ्यात भिंतीला खालून ओल येते, पोपडे धरतात. तीन फुटांपर्यंत ऑईल पेंटचा पट्टा मारा. पोरांनी हात लावले तरी पुसता येतं, ओल पण दिसत नाही. आमच्याकडे दहा वर्षं आहे.

तापीकाठ
पुसता येतं हे खरं, ओलीचं अर्धं खरं. ऑईल पेंट ओल थांबवत नाही, नुसती झाकतो. भिंत कोरडी असेल तर पट्टा दहा वर्षं टिकतो, तुमच्याकडे तेच झालं असणार. ओल असेल तर ती आतल्या आत वर चढते आणि पट्टा संपतो तिथे फोड येतात. केळीपानताई, तुमच्या भिंतीला खाली पांढरं पीठ सुटतं का?

मन्या_अमळनेर
आमच्याकडे ओल होती भो, मी डोळ्यांनी बघितली आहे. तुम्ही दुकानदार लोक महागडं प्रायमर खपवायला बघता.

केळीपान
ओल नाहीये! असं काही नाही. कृपया रंगावर या.

ताडपत्री टाकली. नाना चिडले, पाऊस येईल गाडी भिजेल म्हणाले, पत्र्यावर ताडपत्री टाकल्याने गाडी कशी भिजेल ते देव जाणे. पण दादा, पाच मिनिटांनी आत आले आणि मला कसंतरीच झालं. भिंत क्रीम आहे. चांगली क्रीम, मी सांगितली होती तीच. तीन वर्षं मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या.

सुलभा_भुसावळ
बिचारा.

तापीकाठ
आता दुसरं काम. कोणाला काय आवडतं हे विचारणं बंद करा. काय अजिबात नको ते विचारा, आणि का नको ते. एकेकट्याला विचारा, जेवायला सगळे बसलेले असताना नाही.

केळीपान
विचारलं. नाना: "गडद नको, पेपर वाचता येत नाही." म्हणजे त्यांना पिस्ता नको होता, उजेड हवा होता. जुन्या घरात पिस्ता होता आणि तिथे उजेड होता, म्हणून पिस्ता.
माई: "पांढरा नको, थंडा नको. कानबाई बसते तिथे मागे कळा असलेला रंग हवा."
नवरा: "भडक नको." ग्रेच हवा असं नाही, साधा हवा.
मुलगी: "बोअरिंग नको." यातून काय कळणार?

तापीकाठ
बरंच कळलं. तीन जणांना उबदार, फिकट आणि भडक नसलेलं चालतंय. फरशी आणि सागवानही त्याच जातीचे आहेत. तीन भिंतींना फिकट, किंचित पिवळसर मातीकडे झुकणारा ऑफव्हाईट घ्या. पांढरा नाही, क्रीमपेक्षा साधा. काही कंपन्या कार्डावर एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा देतात, तो ७० च्या पुढचा बघा म्हणजे नानांचा पेपर झाला. दाराच्या समोरच्या १२ फुटी भिंतीला, म्हणजे कानबाई बसत असेल तिथे, पिवळ्या मातीचा रंग. हळदीचा नाही. पिवळी माती आणि गेरू या जातीचे रंग उन्हाने सहसा उडत नाहीत. भडक पिवळे आणि जांभळे लवकर फिके पडतात, आणि तुमचं पश्चिमेचं ऊन संध्याकाळी पत्र्याच्या खालून थेट आत येत असणार.

शेड निवडताना कार्डावरच्या त्याच पट्टीतला सगळ्यात गडद चौकोन बघा. फिकट चौकोनात लपलेला गुलाबी किंवा हिरवा तिथे उघडा पडतो.

लॅव्हेंडर भिंतीवर नको. मुलगी ११ ची आहे, १४ ची झाली की तिलाच तो नको असेल. उशांची कव्हरं आणि एक पडदा तिच्या हातात द्या, पाहिजे तेव्हा बदलेल. मातीच्या पिवळ्याशेजारी जांभळा वाईट दिसत नाही, उलट उठून दिसतो.

वास्तूप्रेमी
पण पश्चिमेला पिवळा...

केळीपान
ती भिंत पूर्वेची आहे, झालं?
दादा, किती डबे? पेंटर दहा लिटरचा मोठा डबा घ्या म्हणतो.

तापीकाठ
चारही भिंती ५६ फूट गुणिले १०, म्हणजे ५६० चौरस फूट. खिडकी-दारांचे ८० वजा केले तर ४८०. त्यातली पिवळी भिंत १२०. लिटरला दोन हातांत साधारण ६५ चौरस फूट धरा. पिवळ्याला २ लिटर, उरलेल्या ३६० ला साडेपाच, म्हणजे ६ लिटर. छताला वेगळा पांढरा. एका रंगाचे सगळे डबे एकदमच मिक्स करून घ्या, नंतर आणलेला डबा किंचित वेगळा निघू शकतो. झाकणावरच्या कोडचा फोटो काढून ठेवा.

पण त्याआधी एकच लहान डबा. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून वाळू द्या. भिंतीवर नको मारू, आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. पुठ्ठा सोफ्यामागे उभा करा, सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूब लावून बघा. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागतो, ओला असताना ठरवू नका.

सुलभा_भुसावळ
आणि तो हिरवा पत्रा? तो तसाच ठेवला तर हा ऑफव्हाईट पण हिरवाच दिसणार ना?

तापीकाठ
दिसणार. तो काढून दुधाळ किंवा साधा लोखंडी पत्रा टाकावा लागेल, लोखंडी टाकला तर उजेड कमी होईल. नाहीतर पुठ्ठा त्याच उजेडात बघून जमेल तो शेड घ्यावा लागेल. म्हणजे पत्र्याचं आधी ठरवा, रंगाचं नंतर.

केळीपान
पेंटरला सोमवार सांगितलाय, चिडलाय. पुठ्ठा वाळतोय. पिवळ्या मातीचा माईंना पसंत पडला, "आता बरं दिसतंय" म्हणाल्या, त्यांच्या तोंडून हे मोठं आहे. नवरा काही बोलला नाही, म्हणजे चालतंय. मुलीने पडद्यांसाठी तीन जांभळे स्क्रीनशॉट पाठवलेत.
नाना पत्रा काढायला तयार नाहीत. म्हणतात, रंग पत्र्याला शोभेल असा घ्या. ताडपत्री अजून वर आहे, काढायला कोणी तयार नाही.

उगाचच
मग गाडी भिजली का?